पित्ताशयाचा स्कॅन आणि अहवालातली टक्केवारी



पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली जोराचे दुखते. सोनोग्राफी केली तर खडा नाही. रक्ताचे अहवाल ठीक, एंडोस्कोपी ठीक. तरी महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणे. अशा वेळी डॉक्टर कधीकधी एक वेगळी तपासणी लिहून देतात. तिला दवाखान्यात 'हिडा स्कॅन' म्हणतात. ही पित्ताशयाची न्यूक्लिअर तपासणी. तिच्या अहवालात शेवटी एक आकडा असतो : 'इजेक्शन फ्रॅक्शन' इतके टक्के. हा आकडा कमी आला, की पित्ताशय काढून टाकण्याची गोष्ट सुरू होते. म्हणजे एका आकड्यावर शरीरातला एक अवयव ठेवायचा की काढायचा हे ठरू लागते. म्हणून या महिन्यात या आकड्याविषयीच लिहिते. मी डॉक्टर नाही. आपल्या हातातला अहवाल आपल्याला वाचता यावा आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीच्या पत्राचे. वय ३८. अकरा महिन्यांत त्यांना पाच वेळा दुखणे आले. प्रत्येक वेळी प्रकार एकच. रात्रीच्या जेवणानंतर तासा-दीड तासाने छातीच्या हाडाखाली आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागते, पंधरा-वीस मिनिटांत वाढते आणि मग दोन-तीन तास तसेच राहते. उजव्या खांद्याच्या मागेही दुखते. बसून, झोपून, चालून काही फरक पडत नाही. दोनदा तर मध्यरात्री दवाखाना गाठावा लागला. मधल्या काळात आठवडेच्या आठवडे काहीही त्रास नसतो. दोन सोनोग्राफींत खडा नाही, यकृताच्या तपासण्या आणि लायपेज नॉर्मल, एंडोस्कोपी साफ. अॅसिडिटीच्या गोळ्या दोन महिने घेऊन उपयोग शून्य. शेवटी स्कॅन झाला आणि अहवालात २७ टक्के आले. सर्जन म्हणतात, पित्ताशय काढा. घरचे म्हणतात, खडा नाही तर काढायचे कशाला?

पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "माझ्या ननंदेलाही रोज गॅस आणि करपट ढेकरांचा त्रास आहे. तिचीही ही तपासणी करून घ्यावी का?"

एकाच पत्रात दोन बायका आणि दोन वेगळी दुखणी आहेत. दोघींची उत्तरेही वेगळी आहेत. ती का वेगळी, हे समजले की ही तपासणी कोणासाठी आहे ते समजले.

'पित्त' आणि पित्तरस

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. आपण मराठीत "मला पित्त झालंय" म्हणतो तेव्हा आपल्याला बहुधा अॅसिडिटी म्हणायची असते : छातीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ. तो जठरातल्या आम्लाचा त्रास. पित्ताशयात साठतो तो पित्तरस. तो आंबट नसतो, कडू असतो आणि यकृतात तयार होतो. चरबी पचवणे हे त्याचे मुख्य काम. शब्द सारखा असला तरी दुखणे सारखे नाही. आम्लाचा त्रास असलेल्या माणसाने पित्ताशयाचा स्कॅन करून त्याच्या त्रासाचे कारण सापडत नाही.

पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली छोटी पिशवी. आपण उपाशी असतो तेव्हा यकृतातून येणारा पित्तरस तिच्यात साठतो आणि दाट होतो. आपण तूप-तेलाचे काही खाल्ले आणि ती चरबी लहान आतड्यात पोचली, की आतडे एक संप्रेरक रक्तात सोडते. त्याचे नाव लांबलचक आहे, कोलेसिस्टोकायनिन. आपण त्याला डॉक्टरांसारखे 'सीसीके' म्हणू. सीसीकेचा निरोप मिळाला की पित्ताशय आवळते, खालच्या नळीच्या तोंडाची झडप सैल होते आणि पित्तरस आतड्यात उतरतो.

काही लोकांत खडा नसतानाही ही पिशवी नीट आवळत नाही. निरोप येतो, पण रस पुरेसा बाहेर पडत नाही. सोनोग्राफी हे दाखवू शकत नाही, कारण ती मुख्यतः पिशवीचा आकार, भिंत आणि आतला खडा दाखवते. पिशवी काम कसे करते, हे पाहायला तिला काम करताना बघावे लागते. ते काम हा स्कॅन करतो.

तपासणीत काय होते

सकाळी रिकाम्या पोटी जावे लागते. किमान चार तास काही खाल्लेले नसावे. पण उपास चोवीस तासांहून जास्तही नको. फार वेळ उपाशी राहिले तर पित्ताशय दाट रसाने इतके गच्च भरते की नवा रस आत शिरतच नाही. मग चित्रात पिशवी दिसत नाही आणि अहवाल दिशाभूल करतो. म्हणून आजारपणामुळे दोन दिवस काहीच पोटात गेले नसेल, तर ते आधी सांगावे.

पाठीवर झोपवून हाताच्या शिरेत एक छोटे इंजेक्शन देतात. त्यात टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याची अगदी थोडी मात्रा असते. ते अशा रसायनाला जोडलेले असते की यकृत त्याला रक्तातून उचलते आणि पित्तरसासोबत बाहेर टाकते. वर असलेला गॅमा कॅमेरा मिनिटागणिक चित्रे घेत जातो. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. आपल्या शरीरातून येणारे किरण तो फक्त टिपतो. काही मिनिटांत यकृत उजळते, मग नळी, मग पित्ताशय. निरोगी माणसात तासाभराच्या आत पित्ताशय दिसू लागते.

हा पहिला भाग, भरण्याचा. पित्ताशय अजिबात भरलेच नाही तर नळी तुंबली असण्याची शंका येते. ताप आणि सतत दुखणे घेऊन दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णात डॉक्टर हेच बघतात. तो वेगळा प्रश्न आहे. आपल्या भगिनीच्या तपासणीत महत्त्वाचा आहे दुसरा भाग, रिकामे होण्याचा.

त्यासाठी पित्ताशयाला आवळण्याचा निरोप द्यावा लागतो. तो दोन प्रकारे देतात. एक, सीसीकेसारखेच काम करणारे 'सिनकॅलाइड' हे औषध शिरेतून हळूहळू सोडतात. दुसरा प्रकार, चरबीयुक्त काही प्यायला किंवा खायला देतात. आपल्याकडे सिनकॅलाइड सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून बऱ्याच केंद्रांत दूध किंवा तसेच काही देतात. त्यानंतर पुन्हा चित्रे घेतात. सगळे मिळून दोन-तीन तास लागतात. सकाळी नऊला सुरू झाली तर जोहरच्या आधी बहुतेक सुटका होते.

किरणांची भीती अनेकांना वाटते. या तपासणीत मिळणारी मात्रा साधारणपणे वर्षभरात जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला आपोआप मिळणाऱ्या किरणांइतकी असते. टेक्नेशियमचे तेज दर सहा तासांनी निम्मे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते जवळपास संपलेले असते. मात्र गर्भार असल्यास किंवा तशी शंका असल्यास, आणि बाळाला अंगावर पाजत असल्यास, हे इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवे.

टक्केवारी कशी निघते

हा भाग सहावीच्या गणिताइतका सोपा आहे. कॅमेरा पित्ताशयातून येणारे किरण मोजतो. समजा, पित्ताशय पूर्ण भरले तेव्हा मोजणी ९०,००० आली. आवळून झाल्यावर ती ६५,७०० उरली. म्हणजे २४,३०० इतका भाग बाहेर पडला. २४,३०० ला ९०,००० ने भागून शंभराने गुणले की येतात २७ टक्के. भरलेल्या रसापैकी २७ टक्के बाहेर गेला आणि ७३ टक्के आतच राहिला, इतकाच या आकड्याचा अर्थ.

परीक्षेत ३५ ला पास, तसा येथेही एक आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे. अनेक अहवालांवर "३५ टक्क्यांहून कमी म्हणजे असामान्य" असे छापलेले असते. पण हा उत्तीर्णतेचा आकडा सगळ्या पद्धतींना सारखा लागू पडत नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० निरोगी माणसांना सिनकॅलाइड वेगवेगळ्या वेगाने देऊन पाहिले. औषध पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात दिले, तेव्हा या निरोगी माणसांचे आकडे इतके वरखाली पसरले की चांगले आणि वाईट यांत रेघ मारणे अवघड झाले. तेच औषध सावकाश, साठ मिनिटांत दिले तेव्हा आकडे एकमेकांजवळ आले आणि खालची मर्यादा ३८ टक्के ठरली. म्हणून सिनकॅलाइड दिले असेल तर ते किती मिनिटांत दिले, हे अहवालात बघावे. दोन-तीन मिनिटांत भरकन दिलेल्या औषधाने पोटात कळा येतात आणि निरोगी पित्ताशयाचाही आकडा कमी येऊ शकतो.

दुधाच्या पद्धतीत आणखी एक पेच आहे. पित्ताशयाला नीट निरोप जायला पोटात पुरेशी चरबी जावी लागते, किमान दहा ग्रॅमच्या आसपास. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात सहा टक्के चरबी असते, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये सुमारे बारा ग्रॅम. टोन्ड दुधात तीन टक्के, म्हणजे सहा ग्रॅम. डबल टोन्डमध्ये फक्त तीन ग्रॅम. ग्लास तोच, रंग तोच, पण निरोप अर्धा किंवा पाव. शिवाय दूध जठरातून आतड्यात उतरायला वेळ लागतो. जठर मंद असेल, जसे जुन्या मधुमेहात होते, तर निरोप उशिरा जातो. तासाभराऐवजी अर्ध्या तासात चित्रे थांबवली, तर पिशवी अजून आवळतच असते आणि आकडा कमी निघतो.

२७ खरे होते का?

आता पत्रातल्या भगिनीचा अहवाल पाहू. त्यांनी प्रत पाठवली होती. त्यात लिहिले होते : दूध २०० मिलिलिटर, दुसरे चित्र ३० मिनिटांनी. दूध कोणते, याची नोंद नाही. मी त्यांना कळवले, की तपासणीच्या आठवड्यात कोणकोणती औषधे चालू होती ते आठवून लिहा. उत्तर आले : कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, दिवसातून दोन.

ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचे वेदनाशामक आहे. मॉर्फिन, कोडीन ही त्याची भावंडे. ही औषधे पित्तनळीच्या तोंडाची झडप घट्ट करतात. पिशवी आवळते, पण दार बंद. मग रस बाहेर कसा पडणार? म्हणून तपासणीच्या आधी ती थांबवलेली असावी लागतात. किती आधी, हे केंद्र सांगते. काही इतर औषधांनीही आकडा कमी होतो : पोटाच्या मुरड्यावरची काही औषधे, रक्तदाबासाठीची निफेडिपिनसारखी औषधे, काही संप्रेरकांच्या गोळ्या. तंबाखू आणि विडी-सिगारेटमधल्या निकोटिनचाही परिणाम होतो. मात्र रक्तदाबाची गोळी कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नये. यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, काय थांबवायचे ते त्यांनी ठरवावे.

म्हणजे या भगिनीच्या २७ टक्क्यांमागे तीन शंका उभ्या राहिल्या. ट्रॅमाडॉल चालू होते, दूध कोणते ते माहीत नाही, आणि चित्रे अर्ध्या तासात थांबली. आकडा खोटा आहे असे यावरून ठरत नाही. पण त्याच्या जोरावर ऑपरेशन ठरवावे इतका तो भरवशाचाही नाही. त्यांनी हे तिन्ही मुद्दे एका कागदावर लिहून सर्जनना दाखवले. सर्जननी कागद वाचला आणि तपासणी पुन्हा करू म्हणाले.

कोणाला हवी, कोणाला नको

या तपासणीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यंत्रापाशी नसते, दुखण्याच्या वर्णनापाशी असते. पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांनी जगभर वापरले जाणारे निकष ठरवले आहेत. त्यांना 'रोम निकष' म्हणतात आणि २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती आली. पित्ताशयाचे दुखणे कसे असते, हे त्यांत सांगितले आहे. ते पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजवीकडे असते. वाढत जाऊन एका पातळीवर स्थिर राहते आणि किमान अर्धा तास टिकते. रोज येत नाही, अधूनमधून येते. हातातले काम सोडायला लावते किंवा दवाखान्यात नेते. आणि शौचाला जाऊन, कूस बदलून किंवा अॅसिडिटीची गोळी घेऊन फारसे कमी होत नाही.

असे दुखणे असेल, सोनोग्राफीत खडा नसेल, यकृत आणि स्वादुपिंडाच्या तपासण्या ठीक असतील, आणि जठरातला व्रण वगैरे दुसरे कारण सापडले नसेल, तर त्या माणसासाठी हा स्कॅन आहे. पत्रातल्या भगिनीचे वर्णन याच्याशी ओळीओळीने जुळते.

आता ननंदबाई. त्यांचा त्रास रोजचा आहे. पोट फुगते, ढेकर येतात, शौचाला झाले की बरे वाटते, गोळीने दोन दिवस आराम पडतो. यातले एकही लक्षण वरच्या वर्णनात बसत नाही. त्यांना हा स्कॅन नको. "करून बघायला काय हरकत आहे?" असे कोणी म्हणेल. हरकत अशी, की पूर्ण निरोगी माणसातही हा आकडा कधीकधी कमी येतो. मधुमेहात, लठ्ठपणात, आतड्यांच्या काही विकारांतही कमी येतो. ननंदबाईंचा आकडा समजा ३० आला, तर घरात एकच चर्चा सुरू होईल. पित्ताशय निघेल आणि ऑपरेशननंतर महिन्याभराने गॅस जिथल्या तिथे असेल, कारण तो पित्ताशयाचा नव्हताच.

आणखी दोन प्रकारच्या लोकांना याची गरज नसते. ज्यांना सोनोग्राफीत खडे दिसले आहेत आणि तशीच दुखणी येतात, त्यांचा निर्णय खड्यांवरून होतो. टक्केवारीने त्यात भर पडत नाही. आणि जे दुसऱ्या एखाद्या आजाराने दवाखान्यात दाखल आहेत, सलाइनवर आहेत, वेदनाशामके घेत आहेत, त्यांच्यात हा आकडा मोजून उपयोग नसतो. ही तपासणी घरी, बरे असताना, ठरवून करायची आहे.

आकडा कमी आला, पुढे काय?

भगिनींची दुसरी तपासणी पाच आठवड्यांनी मोठ्या शहरातल्या केंद्रात झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रॅमाडॉल आधीच बंद केले होते. सिनकॅलाइड साठ मिनिटांत सोडले. आकडा आला २२ टक्के. मर्यादा ३८. मधल्या काळात एक दुखणे आणखी येऊन गेले होते. आता शंका राहिली नाही, की पित्ताशय खरोखरच नीट रिकामे होत नाही.

पण यानेही प्रश्न संपत नाही. आकडा कमी असणे आणि दुखणे त्याच्यामुळेच असणे, या दोन गोष्टी आहेत. याविषयी नेहमी सांगितला जातो तो ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचा १९९१ सालचा अभ्यास. खडा नसलेल्या आणि आकडा ४० टक्क्यांहून कमी असलेल्या २१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. अकरा जणांचे पित्ताशय काढले, दहा जणांचे ठेवले. काढलेल्यांपैकी दहा जणांचे दुखणे थांबले आणि एकाचे कमी झाले. न काढलेल्या दहाही जणांचा त्रास चालू राहिला. हा निकाल ऐकायला ठाम वाटतो, पण माणसे फक्त २१ होती, आणि कोणाचे ऑपरेशन झाले हे सगळ्यांना माहीत होते. नंतरच्या अनुभवात ऑपरेशनने बहुतेकांना फायदा झाला, पण काहींचे दुखणे राहिले, आणि ऑपरेशन न करताही काहींची दुखणी काळाने कमी झाली. म्हणून दुखण्याचे वर्णन आणि आकडा, दोन्ही जुळत असतील तरच ऑपरेशनचा पर्याय पुढे येतो. दुखणे फारच क्वचित येत असेल तर काही महिने थांबून बघणेही चुकीचे नाही.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सिनकॅलाइड देताना पोटात दुखले, तर "हेच ते दुखणे, म्हणजे पित्ताशयच दोषी" असा अर्थ काही लोक लावतात. तो भरवशाचा नाही. औषध वेगाने दिले तर निरोगी माणसालाही कळ येते.

ऑपरेशन दुर्बिणीतून होते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. पित्ताशय नसले तरी यकृत पित्तरस तयार करत राहते आणि तो थेट आतड्यात झिरपत राहतो. जेवण पचते. काहींना काही काळ पातळ शौचाचा त्रास होतो. पित्तनळीला इजा होणे दुर्मीळ, पण झाली तर गंभीर असते. हे सगळे आधी विचारून घ्यावे. आपल्या भगिनींनी सहा दुखणी, दोन स्कॅन आणि बरीच चर्चा यांनंतर ऑपरेशन करून घेतले. चार महिन्यांनी त्यांनी लिहिले, की ते रात्रीचे दुखणे परत आलेले नाही, अल्हम्दुलिल्लाह. मात्र जड जेवणानंतर पोट फुगते ते पूर्वीसारखेच फुगते. दुसऱ्या वाक्यात पहिल्याइतकेच शिकण्यासारखे आहे.

रोजा आणि हलाल-हरामचा प्रश्न

रमजानमध्ये ही तपासणी आली तर? दूध पिण्याच्या पद्धतीत रोजा राहणार नाही हे उघड आहे. शिरेतल्या इंजेक्शनबाबत आपल्या आलिमांना विचारावे. पण खरे पाहता हा प्रश्न येऊच द्यायला नको. आकडा मोजण्याची ही तपासणी तातडीची नसते, ती ईदनंतर घेता येते. मात्र ताप, थंडी, डोळे पिवळे होणे किंवा सहा तासांहून जास्त थांबत नसलेले दुखणे असेल, तर ती वेगळी बाब आहे. तेव्हा स्कॅनची किंवा ईदची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जावे. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहेच.

एका वाचकाने पूर्वी विचारले होते, की सीसीके डुकरापासून काढतात, हे खरे का? शास्त्रज्ञांनी हे संप्रेरक सुरुवातीला डुकराच्या आतड्यातून वेगळे केले होते, हे खरे. पण तपासणीत वापरतात ते सिनकॅलाइड कारखान्यात रसायनांपासून जोडून तयार केलेले असते, प्राण्यापासून काढलेले नसते.

शेवटी, तपासणीला जाण्याआधी एका कागदावर चार प्रश्न लिहून न्यावेत. माझ्या दुखण्याचे वर्णन पित्ताशयाच्या दुखण्याशी जुळते का? माझ्या औषधांपैकी कोणती, किती दिवस आधी थांबवायची? तुमच्याकडे सिनकॅलाइड देतात की दूध, कोणते दूध, आणि किती मिनिटे चित्रे घेतात? आणि या पद्धतीसाठी तुमच्या केंद्राची नॉर्मल मर्यादा किती? ही उत्तरे अहवालासोबत त्याच फाइलमध्ये ठेवावीत. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायची वेळ आली तर त्यांना नुसता आकडा नाही, तो आकडा कसा आला तेही कळेल.